एजीएमची नोटीस: तारीख, विषय, मतदान आणि प्रॉक्सी

प्रश्न: आमची पब्लिक लिमिटेड कंपनी आहे, पण शेअर बाजारात लिस्टेड नाही. भागधारक 340. मार्च 2026 अखेरच्या वर्षाची एजीएम घ्यायची आहे. गेल्या वर्षीची 20 जून 2025 ला झाली होती. नोटीस किती दिवस आधी पाठवायची, विषय कसे लिहायचे, मतदान कसं ठेवायचं आणि प्रॉक्सीबद्दल काय सांगायचं? गेल्या वर्षीचीच नोटीस घेऊन तारखा बदलल्या तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही, आणि त्याचं पहिलं कारण तुम्ही दिलेल्या 20 जून या तारखेतच आहे.

एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, शेवटची तारीख म्हटली की सगळ्यांना 30 सप्टेंबर आठवते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 96 मध्ये मात्र दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा व्हायला हवी, म्हणजे 30 सप्टेंबर 2026 पर्यंत. शिवाय आधीच्या एजीएमपासून पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. 20 जून 2025 पासून पंधरा महिने मोजले की येतो 20 सप्टेंबर 2026. म्हणजे तुमच्यासाठी खरी मर्यादा 20 सप्टेंबरची आहे. गेल्या वर्षी सभा लवकर घेतलेल्या कंपन्या इथे हमखास फसतात, कारण कॅलेंडरवर सगळ्यांनी 30 तारखेलाच गोल केलेला असतो. अडचण खरी असेल तर कंपनी रजिस्ट्रारकडून तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, पण ती विशेष कारणासाठी असते आणि अर्ज मुदत संपण्याआधी करायचा असतो.

20 तारीख रविवार आहे. रविवारी एजीएम घ्यायला कायद्याची हरकत नाही. बंदी आहे ती राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी. तरी अगदी शेवटच्या दिवसावर जाऊ नका. आपण शुक्रवार, 18 सप्टेंबर 2026, सकाळी 11 ही वेळ धरू आणि तिथून उलटं मोजत येऊ. सभा सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळात सुरू व्हायला हवी. जागा नोंदणीकृत कार्यालय किंवा त्याच शहरातली, गावातली दुसरी कोणतीही. दुसऱ्या शहरात घ्यायची तर अनलिस्टेड कंपनीला सर्व भागधारकांची आगाऊ संमती लागते. 340 पैकी एकाने सही केली नाही तरी तो मार्ग बंद.

एकवीस दिवस कसे मोजायचे

कलम 101 ‘क्लिअर’ एकवीस दिवसांची नोटीस मागतं. याचा अर्थ नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडून मधले पूर्ण एकवीस दिवस. सभा 18 सप्टेंबरला असेल तर 17 सप्टेंबरपासून मागे मोजा: सप्टेंबरचे 17 दिवस आणि ऑगस्टचे 28, 29, 30, 31 हे चार. झाले एकवीस. म्हणजे नोटीस 27 ऑगस्टपर्यंत भागधारकाच्या हाती पडलेली असली पाहिजे.

ई-मेलने पाठवली तर पाठवल्याचा दिवस हाच मिळाल्याचा दिवस, त्यामुळे शेवटची तारीख 27 ऑगस्ट. पोस्टाने पाठवली तर पत्र टाकल्यापासून 48 तासांनी ती मिळाली असं कायदा धरतो. म्हणून पोस्टात पडण्याची शेवटची तारीख 25 ऑगस्ट. तुमच्या यादीत दोन्ही प्रकारचे भागधारक असणार, तेव्हा 25 हीच तारीख सगळ्यांसाठी धरा. प्रत्यक्षात मी म्हणेन 20 ऑगस्टला पाठवून मोकळे व्हा. ई-मेल परत येतात. नियमाप्रमाणे नोंदलेल्या पत्त्यावर मेल पाठवली की कंपनीची जबाबदारी पूर्ण होते, पण बाऊन्स झालेल्या मेल दिसत असूनही त्या लोकांना पोस्टाने प्रत न पाठवणं म्हणजे उद्याच्या वादाला आमंत्रण. 20 तारखेला मेल गेली तर 21 ला बाऊन्सची यादी हातात येते आणि त्यांची पत्रं 25 च्या आत पोस्टात पडतात. या चार दिवसांचा उपयोग तेवढ्यासाठीच.

उशीर झाला तर कमी मुदतीच्या नोटिशीने सभा घेऊ, असं कोणी सुचवेल. एजीएमसाठी त्याला मतदानाचा हक्क असलेल्या किमान 95 टक्के भागधारकांची लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक संमती लागते. हे 95 टक्के डोकी मोजून आहेत, शेअर मोजून नाहीत. 340 चे 95 टक्के म्हणजे 323 जण. प्रवर्तकांकडे 96 टक्के भांडवल असलं तरी उपयोग नाही. दहा-बारा भागधारकांच्या कंपनीत ही सोय चालते. तुमच्याकडे ती कागदावरच राहील.

नोटीस कोणाला जाते

सर्व भागधारकांना, सर्व संचालकांना आणि ऑडिटरना. मृत भागधारकाच्या वारसाचं नाव कंपनीला कळलं असेल तर त्या वारसाला. संयुक्त नावावर शेअर असतील तर पहिल्या नावाला. डिमॅट शेअरधारकांची यादी रजिस्ट्रार-ट्रान्सफर एजंटकडून ठरावीक तारखेची मागवा, आणि कागदी फोलिओ शिल्लक असतील तर सभासद नोंदवहीतली नावं तिला जोडा. दोन याद्या जोडताना नावं गळतात ती इथेच. एकूण 340 जुळल्याशिवाय पाकिटं बंद करू नका.

चुकून एखाद्याला नोटीस गेली नाही तर सभा रद्द ठरत नाही, हे कायद्यात आहे. पण त्यातला ‘चुकून’ हा शब्द महत्त्वाचा. ‘हे गृहस्थ कधी येतच नाहीत’ किंवा ‘यांचं आपल्याशी भांडण आहे’ म्हणून नाव वगळलं तर ती चूक राहत नाही.

ई-मेलच्या विषयाच्या ओळीतही काय असावं ते नियमात सांगितलंय: कंपनीचं नाव, कोणत्या सभेची नोटीस, ठिकाण आणि तारीख. नुसतं ‘महत्त्वाची सूचना’ लिहून चालत नाही. जोडपत्र पीडीएफसारखं, बदल करता न येणारं असावं. नोटिशीबरोबर वार्षिक अहवाल, हजेरीची चिठ्ठी, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्यासाठीचा कोरा प्रॉक्सी फॉर्म आणि सभेच्या जागेचा नकाशा जायला हवा. नकाशा जवळच्या ठळक खुणेसह असावा, असं सचिवीय मानक एसएस-2 सांगतं. तो राहून जातो, कारण बहुतेकांना तो शोभेचा वाटतो.

विषय लिहिताना

एजीएममध्ये ‘सर्वसाधारण’ कामकाज म्हणजे फक्त चार गोष्टी: हिशेब व त्यासोबतचे संचालक मंडळाचे आणि ऑडिटरचे अहवाल, लाभांश, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाच्या जागी नेमणूक, आणि ऑडिटरची नेमणूक व मानधन. बाकी प्रत्येक विषय ‘विशेष’ कामकाज ठरतो आणि त्याला कलम 102 खाली स्पष्टीकरणाचं निवेदन जोडावं लागतं. विशेष कामकाज आणि विशेष ठराव यांची गल्लत करू नका. विशेष कामकाजातला ठराव साधासुद्धा असू शकतो. प्रत्येक विषयाखाली ‘साधा ठराव म्हणून’ की ‘विशेष ठराव म्हणून’ हे लिहा. ठराव विशेष म्हणून मांडण्याचा हेतू नोटिशीतच सांगितलेला नसेल तर सभेत कितीही मतं पडली तरी तो विशेष ठराव होत नाही.

तुमच्या कंपनीत साधारण पुढचे विषय असतील असं धरतो. एका संचालकाची पाळी आली आहे, जानेवारीत संचालक मंडळाने एक अतिरिक्त संचालक नेमला आहे आणि कर्जमर्यादा वाढवायची आहे. मसुदा असा दिसेल:

सूचना देण्यात येते की कंपनीच्या भागधारकांची …वी वार्षिक सर्वसाधारण सभा शुक्रवार, 18 सप्टेंबर 2026 रोजी सकाळी 11 वाजता [सभागृहाचं नाव, मजला, रस्ता, शहर, पिन कोड] येथे पुढील कामकाजासाठी होईल.

सर्वसाधारण कामकाज
1. 31 मार्च 2026 रोजी संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब, तसेच संचालक मंडळ व ऑडिटर यांचे अहवाल विचारात घेऊन स्वीकारणे.
2. प्रति शेअर ₹… अंतिम लाभांश जाहीर करणे.
3. पाळीने निवृत्त होणारे व पुन्हा नेमणुकीस पात्र असलेले श्री./श्रीमती … (डीआयएन …) यांच्या जागी संचालक नेमणे.

विशेष कामकाज
4. श्री./श्रीमती … (डीआयएन …) यांची संचालक म्हणून नेमणूक करणे – साधा ठराव.
5. कलम 180(1)(क) खाली कर्ज घेण्याची मर्यादा वाढवणे – विशेष ठराव.

मसुद्यात ऑडिटरचा विषय नाही. ऑडिटर 2022 च्या सभेत पाच वर्षांसाठी नेमलेले असतील तर त्यांची मुदत 2027 च्या सभेपर्यंत आहे, मध्ये काही ठरवायचं नाही. पूर्वी दरवर्षी नेमणुकीला भागधारकांची मान्यता घ्यावी लागे. ती अट 7 मे 2018 पासून गेली. तरीही ‘ऑडिटरच्या नेमणुकीला मान्यता देणे’ ही ओळ अजून कित्येक नोटिशींत दिसते. जुन्या नोटिशीवर तारखा बदलल्याची हीच खूण असते.

चौथा विषय विसरला तर परिणाम लगेच होतो. अतिरिक्त संचालकाची मुदत एजीएमबरोबर संपते. त्या सभेत नेमणूक झाली नाही तर तो दुसऱ्या दिवशी संचालक नसतो, आणि त्यानंतर त्याने संचालक म्हणून केलेल्या सह्यांवर प्रश्न उभा राहतो.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ ही ओळ मात्र काढून टाका. सोसायटीच्या सभेतून ती कंपनीच्या नोटिशीत शिरते. ज्या कामाची नोटीस दिलेली नाही ते काम सभेत करता येत नाही, त्यामुळे ही ओळ निरुपयोगी आहे, आणि कोणी तिचा आधार घेऊन ठराव मांडला तर सभेत उगाच वाद होतो.

आता स्पष्टीकरणाचं निवेदन. पाचव्या विषयासाठी नेहमी लिहिलं जातं ते असं: ‘व्यवसायाच्या वाढत्या गरजा लक्षात घेता कर्जमर्यादा वाढवणे आवश्यक आहे. मंडळ ठरावाची शिफारस करते.’ यातून भागधारकाला काहीच कळत नाही. मत देण्यापूर्वी त्याला समजायला हवं की भरणा झालेलं भांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम मिळून आज किती होतात, कर्ज किती आहे आणि मागणी किती. समजा ही बेरीज 18 कोटी आहे, कर्ज 15 कोटी आहे आणि नवीन यंत्रसामग्रीसाठी आणखी 12 कोटी घ्यायचे आहेत. एकूण कर्ज 27 कोटी होईल, ते 18 कोटींच्या वर जातं, म्हणून विशेष ठराव लागतो. मंडळ मर्यादा 30 कोटी मागत आहे. हे चार आकडे चार ओळींत लिहा. शेवटी कोणते संचालक, प्रमुख अधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक यात हितसंबंधी आहेत ते सांगा. कोणी नसेल तर तसं लिहा. तिसऱ्या आणि चौथ्या विषयातल्या व्यक्तींची माहितीही नोटिशीत हवी: वय, शिक्षण, अनुभव, शेअर किती, इतर कंपन्यांतली संचालकपदं, वर्षभरात किती बैठकांना हजर होते, दुसऱ्या संचालकाशी नातं आहे का. नात्याची ओळ गाळायचा मोह घरच्या कंपन्यांत होतो आणि नेमकी तीच ओळ लोक शोधतात.

मतदानाची पद्धत आधी ठरवा

हे नोटीस लिहिण्याआधी ठरवायचं असतं, कारण प्रॉक्सीच्या सूचनांचा अर्थ त्यावर अवलंबून असतो. कंपनी लिस्टेड असेल किंवा भागधारक 1000 किंवा त्याहून जास्त असतील तर इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय द्यावीच लागते. तुम्ही 340 आहात, तेव्हा ते बंधन नाही. तुमचं मतदान हात वर करून होईल, आणि मागणी झाली किंवा अध्यक्षांनी स्वतः ठरवलं तर पोल, म्हणजे मतपत्रिकेने.

दोन्हींतला फरक आकड्यांत बघा. तुमचे 60 लाख शेअर आहेत असं धरू, दर्शनी किंमत ₹10. सभेला 20 भागधारक हजर आहेत. कर्जमर्यादेच्या ठरावावर 16 हात बाजूने, 4 विरोधात. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. 4 ची तिप्पट 12, आणि 16 त्याहून जास्त. ठराव मंजूर.

पण खोलीत एक एकविसावा माणूस आहे. तो 24 लाख शेअर असलेल्या, म्हणजे 40 टक्के हिस्सा असलेल्या भागधारकाचा प्रॉक्सी आहे. हात वर करण्यात प्रॉक्सीला मत नाही आणि बोलायचाही हक्क नाही. त्याला एकच गोष्ट करता येते: निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताच पोल मागणं. पोल मागण्यासाठी एकूण मतांपैकी दहावा हिस्सा किंवा किमान ₹5 लाख भरणा झालेले शेअर लागतात. ₹10 च्या शेअरचे 50 हजार शेअर झाले की पुरे. आणि ही मागणी प्रॉक्सीमार्फत आलेली असली तरी मान्य करावीच लागते. पोल झाला, 16 जणांकडे मिळून 21 लाख मतं निघाली, विरोधात 4 जणांची 1 लाख आणि प्रॉक्सीची 24 लाख. ठराव पडला, आणि तोच निकाल धरला जातो.

म्हणून एखाद्या विषयावर मोठ्या भागधारकाचा विरोध आहे हे माहीत असेल तर अध्यक्षांनी त्या विषयावर स्वतःहून पोल जाहीर करावा, हे बरं. मतपत्रिका आणि मतदान तपासनीस त्या दिवशी तयार ठेवा. नोटिशीत एवढं लिहा: ‘मतदान हात वर करून होईल, कलम 109 प्रमाणे मागणी झाल्यास किंवा अध्यक्षांनी ठरवल्यास पोल घेण्यात येईल. पोलमध्ये प्रत्येक भागधारकाला भरणा झालेल्या शेअर भांडवलातील त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात मतं असतील.’

पुढेमागे भागधारक हजारावर गेले तर काय बदलेल तेही पाहून ठेवा. मतदानाचा हक्क ठरवणारी कट-ऑफ तारीख सभेच्या आधी सात दिवसांपेक्षा लांबची नको. 18 सप्टेंबरच्या सभेला 11 सप्टेंबर चालेल. दूरस्थ मतदान किमान तीन दिवस सुरू राहून सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद व्हायला हवं, म्हणजे 14 सप्टेंबर सकाळी 9 ते 17 सप्टेंबर संध्याकाळी 5 हा काळ पुरतो. सभेच्या किमान एकवीस दिवस आधी एका स्थानिक भाषेच्या आणि एका देशभर खपणाऱ्या इंग्रजी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते. नोटीस गेल्यावर शेअर घेतलेल्याला लॉगिन कुठून मिळेल हे नोटिशीत असलं पाहिजे. आणि एक ओळ ठळक अक्षरांत: ज्याने आधी ऑनलाइन मत दिलं तो सभेला येऊ शकतो, पण पुन्हा मत देऊ शकत नाही. अशा कंपन्यांत हात वर करून मतदान होतच नाही.

सभा व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायची असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाची 2020 पासूनची परिपत्रकं बघावी लागतात. त्यात प्रत्यक्ष हजेरी नसल्यामुळे प्रॉक्सीची सोयही नसते. तेव्हा व्हिडिओच्या नोटिशीत जुना प्रॉक्सी परिच्छेद तसाच राहिला तर नोटीस स्वतःलाच खोटं पाडते.

प्रॉक्सीच्या सूचना

कलम 105 म्हणतं की भागधारकाला प्रॉक्सी नेमता येतो आणि प्रॉक्सी भागधारक असण्याची गरज नाही, हे नोटिशीत ठळकपणे दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जबाबदार अधिकाऱ्याला ₹5,000 दंड आहे. टिपांच्या शेवटी बारीक अक्षरात नको, पहिलीच टीप ही ठेवा:

‘सभेला हजर राहून मतदान करण्याचा हक्क असलेल्या भागधारकास आपल्याऐवजी हजर राहण्यासाठी व पोल झाल्यास मतदान करण्यासाठी प्रॉक्सी नेमता येईल. प्रॉक्सी कंपनीचा भागधारक असण्याची आवश्यकता नाही. पूर्ण भरलेला, तारीख व सही असलेला आणि मुद्रांक लावलेला प्रॉक्सी फॉर्म कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात बुधवार, 16 सप्टेंबर 2026 रोजी सकाळी 11 वाजेपर्यंत पोहोचला पाहिजे. एका व्यक्तीस जास्तीत जास्त 50 भागधारकांचा, आणि त्यांचे एकत्रित शेअर मतदानाचा हक्क असलेल्या एकूण भांडवलाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसतील तर, प्रॉक्सी होता येईल. 10 टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असलेल्या भागधारकास एकच व्यक्ती प्रॉक्सी नेमता येईल व त्या व्यक्तीस दुसऱ्या कोणाचा प्रॉक्सी होता येणार नाही.’

‘सभेच्या 48 तास आधी’ एवढंच लिहिलं की लोक दिवस मोजायला लागतात आणि 16 तारखेला संध्याकाळी फॉर्म घेऊन येतात. म्हणून वार, तारीख, वेळ तिन्ही लिहा. तुमच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, 72 तास आधी असं काही असलं तरी ते चालत नाही. कायदा 48 तासांच्या वर जाऊच देत नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरी फॉर्म घ्यावा लागतो, तेव्हा त्या दिवशी कार्यालयात कोणी तरी हवं. आलेल्या प्रत्येक फॉर्मवर तारीख आणि वेळ टाकून पोच द्या. 10 वाजून 55 मिनिटांनी आलेला फॉर्म आणि 11 वाजून 10 मिनिटांनी आलेला फॉर्म यांवरचं भांडण त्या शिक्क्यावरच मिटतं.

नमुना एमजीटी-11 आहे, तोच जोडा. भागधारकाचं नाव, पत्ता, ई-मेल, फोलिओ क्रमांक किंवा डीपी आयडी व क्लायंट आयडी, शेअरची संख्या, प्रॉक्सीचं नाव व सही, आणि खाली ठरावांची यादी असं त्याचं रूप. ठरावांची यादी कोरी पाठवू नका. पाचही विषय छापून द्या. ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म आर्टिकल्समधली एखादी जादा अट पाळली नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कार्यालयातल्या माणसालाही सांगून ठेवा.

फॉर्म बाद होतात ते बहुतेक याच कारणांनी: तारीख नाही, प्रॉक्सीचं नाव कोरं आहे, मुद्रांक लावलेला नाही, किंवा मुद्रांक आहे पण त्यावर सही मारून तो रद्द केलेला नाही. शेवटचं कारण फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून फॉर्मवरच मुद्रांकाच्या चौकटीशेजारी ‘मुद्रांकावर आडवी सही करा’ असं छापा. एकाच भागधारकाचे दोन फॉर्म आले तर नंतरच्या तारखेचा धरायचा. दोन्हींवर एकच तारीख असेल आणि वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही बाद. आणि भागधारकाने स्वतः येऊन मत दिलं की त्याचा प्रॉक्सी आपोआप रद्द होतो.

तुमच्या भागधारकांत एखादी कंपनी असेल तर तिच्यासाठी वेगळी टीप द्या. कंपनीने प्रॉक्सी पाठवला तर तो बोलू शकत नाही आणि कोरममध्येही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, मोजला जात नाही. तिने आपल्या संचालक मंडळाच्या ठरावाने कलम 113 खाली प्रतिनिधी पाठवला तर तो प्रत्यक्ष भागधारकासारखाच: बोलतो, हात वर करून मत देतो, कोरममध्ये धरला जातो. ठरावाची प्रमाणित प्रत आधी पाठवा, एवढीच विनंती त्या टिपेत करायची. कोरमचं म्हणाल तर 1000 पर्यंत भागधारक असलेल्या पब्लिक कंपनीला पाच जण प्रत्यक्ष हजर लागतात. दहा प्रॉक्सी आणि चार भागधारक आले तर सभा सुरू होत नाही.

प्रॉक्सी फॉर्म बघायचा हक्क भागधारकांना असतो. तुमच्या सभेसाठी तो 17 सप्टेंबर सकाळी 11 पासून सभा संपेपर्यंत, कार्यालयीन वेळेत. त्यासाठी किमान तीन दिवस आधी लेखी मागणी हवी. हेही टिपेत लिहा.

पाठवण्याआधी आणि नंतर

नोटिशीचा मजकूर संचालक मंडळाच्या बैठकीत हिशेबांबरोबरच मंजूर करून घ्या आणि ‘मंडळाच्या आज्ञेवरून’ म्हणून सही करणाऱ्याचं नाव, पद, डीआयएन किंवा सदस्यत्व क्रमांक घाला. कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ई-मेल वर असलेच पाहिजेत.

नोटीस गेल्यावर सभागृह रद्द झालं किंवा दुसरं काही आवाक्याबाहेरचं घडलं तर तेच विषय घेऊन सभा पुन्हा बोलावता येते, किमान तीन दिवसांची सूचना देऊन. हा मार्ग फक्त अटळ कारणासाठी आहे. अध्यक्ष परदेशी आहेत एवढ्यावर तो वापरू नका. आणि तुमच्या बाबतीत नवी तारीखही 20 सप्टेंबरच्या पुढे जाता कामा नये, म्हणजे 18 ची सभा हुकली तर हातात शनिवार-रविवार उरतात आणि तीन दिवसांची सूचना त्यात बसत नाही. सभागृहाबद्दल जरा जरी शंका असेल तर सभा 11 सप्टेंबरला घ्या. तेव्हा वरच्या सगळ्या तारखा सात दिवस मागे येतील: ई-मेल 20 ऑगस्टपर्यंत, पोस्ट 18 ऑगस्टपर्यंत, प्रॉक्सी 9 सप्टेंबर सकाळी 11 पर्यंत.

पोस्टाच्या पावत्या, पाठवलेल्या मेलची यादी, बाऊन्सची यादी आणि त्यानंतर पाठवलेल्या पत्रांच्या पावत्या एकाच फाइलमध्ये ठेवा. नोटीस मिळाली नाही अशी तक्रार सभेच्या दिवशी क्वचितच येते. ती येते एखादा ठराव एखाद्याला अडचणीचा झाल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी.